एक काटा, सात अर्ज: मक्तेदारीचा नफा हाती येण्याआधीच कसा संपतो

मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात आणि एखादा धंदा एकट्याच्या ताब्यात गेला की त्याने मक्ता घेतला म्हणतात. ‘मक्तेदारी’ हा शब्द या ‘मक्त्या’वरूनच आला. मक्त्याने ग्राहकाला किती भुर्दंड पडतो हे सगळ्यांना दिसतं. तो मक्ता मिळवण्याच्या शर्यतीत सगळ्यांचा मिळून किती पैसा जातो, हे मात्र कुणी मांडून पाहत नाही. अर्थशास्त्रात या शर्यतीला रेंट-सीकिंग म्हणतात. ‘रेंट’ म्हणजे इथे घरभाडं नव्हे. स्पर्धा असती तर मिळाला नसता असा वरकड नफा, म्हणजे जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांतला ‘खंड’. गॉर्डन टलक यांनी 1967 मध्ये हा मुद्दा मांडला आणि ॲन क्रूगर यांनी 1974 मध्ये त्याला हे नाव दिलं.

हा हिशेब कागदावर कसा करायचा, ते एका उदाहरणावर पायरी-पायरीने पाहू. उदाहरण बाजार समितीच्या भुईकाट्याचं आहे. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत. आपल्या तालुक्यातले खरे आकडे घालून हीच मांडणी काट्याला, बसस्थानकातल्या उपाहारगृहाला किंवा अशा कोणत्याही एकट्याच्या परवान्याला लावता येते.

उदाहरण: आवारातला एकच अधिकृत काटा

परभणी-हिंगोलीकडचं एखादं तालुक्याचं बाजार आवार धरा. सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन ट्रॅक्टर-टेम्पो येतात. भरलेली गाडी एकदा काट्यावर चढते, माल उतरवून रिकामी पुन्हा एकदा. दोन वजनांतला फरक म्हणजे मालाचं निव्वळ वजन. त्याची एक पावती निघते आणि त्या पावतीवर अडत्याची हिशेबपट्टी बनते.

आवाराबाहेर दोन-तीन काटे चालू असतील, तर स्पर्धेमुळे दर खर्चाच्या आसपास राहतो. या खर्चात काट्याचा घसारा, वीज, मुनिमाचा पगार, तपासणी-मुद्रांकनाची फी आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा रास्त परतावा हे सगळं आलं. तो दर गाडीमागे 60 रुपये आणि वर्षाला 29,000 गाड्या धरू.

आता समितीने ठराव केला, की पुढची तीन वर्षं फक्त एका अधिकृत काट्याचीच पावती चालेल आणि दर 110 रुपये राहील. काही शेतकरी दोन खेपांचा माल एका गाडीत भरतील, काही शेजारच्या तालुक्याला जातील. गाड्या 24,000 वर आल्या असं धरू.

पहिली पायरी: बक्षीस मोजा, उलाढाल नाही

इथेच पहिली चूक होते. 110 गुणिले 24,000 म्हणजे 26 लाख 40 हजार ही उलाढाल झाली. बक्षीस म्हणजे फक्त वरकड: 110 वजा 60, म्हणजे 50 रुपये, गुणिले 24,000 गाड्या. वर्षाला 12 लाख. भांडवलावरचा रास्त परतावा 60 रुपयांत आधीच धरलेला आहे, म्हणून हे 12 लाख निव्वळ परवान्यामुळे मिळतात. परवाना नसेल तर यातला एक रुपयाही मिळणार नाही.

परवाना तीन वर्षांचा आहे आणि पैसे वर्षाअखेरीला मिळतात असं धरा. पुढच्या वर्षीचे 12 लाख आजच्या 12 लाखांइतके नसतात. दहा टक्के व्याजाने मागे आणले, तर पहिल्या वर्षाचे 10.91, दुसऱ्याचे 9.92 आणि तिसऱ्याचे 9.02 लाख होतात. बेरीज 29.84. पुढे आपण सरळ 30 लाख धरू. हे बक्षीस.

नूतनीकरणाची शक्यता विसरू नका. चालू परवानाधारकाला पुढची तीन वर्षं मिळण्याची निम्मी आशा असेल, तर त्या पुढच्या 30 लाखांची आजची किंमत सुमारे 22 लाख आणि तिचा निम्मा भाग 11 लाख. बक्षीस 41 लाखांवर जातं. लोक 30 लाखांच्या परवान्यासाठी ‘वेड्यासारखा’ खर्च करताना दिसतात, तेव्हा अनेकदा त्यांच्या डोक्यात दुसरी मुदतही असते. वेडे ते नसतात, आपली बेरीज अपुरी असते.

दुसरी पायरी: जुना हिशेब आणि त्यात सुटलेला भाग

टलक यांच्या आधी मक्तेदारीचं समाजाला होणारं नुकसान मोजताना दर वाढल्यामुळे न आलेल्या गाड्या पाहत. आपल्या उदाहरणात 5,000 गाड्या कमी झाल्या. त्या गाडीवाल्यांना आवारात वजन करण्याचा सरासरी 25 रुपयांचा फायदा झाला असता, कारण कुणाला 1 रुपयाचा तर कुणाला 50 रुपयांचा. 5,000 गुणिले 25, म्हणजे वर्षाला सव्वा लाख. आलेखावर हा एक छोटा त्रिकोण दिसतो.

उरलेल्या 24,000 गाड्यांनी जास्तीचे दिलेले 12 लाख? ते नुकसान नव्हेच, असा जुना युक्तिवाद होता. शेतकऱ्याच्या खिशातून काटेवाल्याच्या खिशात गेले, गावातल्या गावात राहिले. अन्याय असेल, पण नासाडी नाही. म्हणून 1954 मध्ये अर्नोल्ड हार्बर्गर यांनी अमेरिकेतल्या मक्तेदारीचं नुकसान मोजलं तेव्हा ते अगदी किरकोळ निघालं.

टलक यांचा प्रश्न साधा होता: 12 लाखांचा हा घास कुणाच्याही ताटात आपोआप पडत नाही. तो मिळावा म्हणून माणसं धावतात, आणि धावण्याला पैसा, वेळ, डिझेल लागतं. हा खर्च कुठे मोजला? सव्वा लाखाच्या त्रिकोणाशेजारी 12 लाखांचा आयत उभा आहे आणि त्यातला किती भाग शर्यतीत जळतो, हाच खरा विषय आहे.

तिसरी पायरी: एक जण किती खर्च करेल

शर्यतीचा सगळ्यात सोपा नमुना टलक यांनी 1980 मध्ये दिला. त्यात परवाना मिळण्याची शक्यता म्हणजे सगळ्यांच्या एकूण खर्चातला आपला हिस्सा. चौघांनी प्रत्येकी एक लाख खर्च केला, तर प्रत्येकाची शक्यता 25 टक्के. खर्च केलेला पैसा हरणाऱ्याला परत मिळत नाही, ही अट महत्त्वाची. लिलावात हरणाऱ्याचे पैसे वाचतात, इथे वाचत नाहीत.

चार अर्जदार आहेत आणि प्रत्येकाने आतापर्यंत एक लाख घातला आहे. तुम्ही आणखी 10,000 घातले तर काय होईल? तुमचे 1.1 लाख, एकूण 4.1 लाख. शक्यता 25 वरून 26.83 टक्क्यांवर गेली. 1.83 टक्के गुणिले 30 लाख म्हणजे सुमारे 55,000 रुपये. दहा हजार घालून पंचावन्न हजारांची आशा विकत मिळते. कोण थांबेल?

पण बाकीचे तिघेही हाच हिशेब करतात. सगळे तीन-तीन लाखांवर पोचले, तेव्हा पुढच्या 10,000 मुळे 18,600 रुपयांची आशा मिळते. अजूनही परवडतं. सगळे 5 लाख 62 हजार 500 वर आले, की पुढच्या 10,000 ला 9,956 रुपयेच मिळतात. इथे हात थांबतो. याच्या पुढे कुणी गेला तर स्वतःचाच तोटा, अलीकडे थांबला तर संधी सोडली. म्हणून हाच समतोल.

चौघांचा एकूण खर्च 22.5 लाख, म्हणजे बक्षिसाचा तीन चतुर्थांश. गंमत अशी, की चौघांनी दमडीही खर्च केली नसती तरी प्रत्येकाची शक्यता 25 टक्केच राहिली असती. साडेबावीस लाख घालून एकाचीही जागा बदलली नाही. एकत्र बसून ‘कुणीच खर्च करायचा नाही’ असं ठरवणं चौघांच्या फायद्याचं आहे. पण ठरवून उठल्यावर जो गुपचूप दहा हजार घालेल, त्याच्यासाठी ते दहा हजार सोन्यासारखे ठरतात. बाकी तिघांनी खरंच शून्य खर्च केला असेल, तर परवाना जवळजवळ त्याचाच. म्हणून असे ठराव टिकत नाहीत.

सर्वसाधारण सूत्र असं: बक्षीस V, अर्जदार n, तर एकाचा खर्च V × (n−1) ÷ n² आणि सगळ्यांचा V × (n−1) ÷ n. तीस लाखांवर दोन अर्जदार असतील तर एकूण 15 लाख जातात, तिघे असतील तर 20, पाच असतील तर 24, दहा असतील तर 27. एकेकाचा खर्च मात्र अर्जदार वाढले की कमी होतो: दोघे असताना साडेसात लाख, दहा असताना 2 लाख 70 हजार. ‘हल्ली एवढे अर्ज येतात, पण कुणी फारसा खर्च करत नाही’ असं ऐकलं तर फसू नका. एकेकट्याचा आकडा लहान होतो, बेरीज मोठी होते.

चौथी पायरी: अर्ज करायला मोकळीक असेल तर

वर अर्जदारांची संख्या आपण ठरवली. खरं तर तीही नफ्यावरच ठरते. या नमुन्यात प्रत्येकाला अपेक्षित निव्वळ फायदा V ÷ n² इतका उरतो. चौघे असतील तर 30 भागिले 16, म्हणजे 1 लाख 87 हजार. नुसत्या अर्जावर पावणेदोन लाखांहून जास्त आशा असेल, तर पाचवा येणारच.

शर्यतीत उतरण्याचाच किमान खर्च 50,000 रुपये आहे असं धरा: प्रकल्प अहवाल, जागेची कागदपत्रं, दाखले, वकिलाची सुरुवातीची फी. निव्वळ फायदा पन्नास हजारांपेक्षा जास्त आहे तोवर नवे अर्ज येत राहतील. सात अर्जदार झाले की प्रत्येकी 30 भागिले 49, म्हणजे 61,000 रुपये. परवडतं. आठवा आला तर 30 भागिले 64, म्हणजे 47,000. नाही परवडत. तो येत नाही.

आता बेरीज करा. सात जणांचा शर्यतीतला खर्च 25.7 लाख, उतरण्याचा खर्च साडेतीन लाख. एकूण 29.2 लाख. बक्षीस 30 लाख. सात जणांत मिळून जेमतेम 80 हजारांचा फायदा उरला. बक्षीस अख्खं विरघळलं, आणि यात कुणीही मूर्खपणा केला नाही. प्रत्येकाने स्वतःचा हिशेब अचूक केला म्हणूनच असं झालं. चांगला चालणाऱ्या चौकात नवी हॉटेलं येत राहतात आणि सगळ्यांचा नफा मजुरीवर येतो, तसंच हे आहे. फरक एवढाच, की हॉटेलांच्या स्पर्धेत गिऱ्हाइकाला स्वस्त चहा मिळतो. इथे गिऱ्हाइकाला 110 रुपयांचा काटा मिळतो.

प्रवेशाचा खर्च कमी केला, अर्ज ‘सोपा’ केला, म्हणजे नासाडी कमी होईल असं वाटतं. उलट होतं. प्रवेश स्वस्त झाला की अर्जदार वाढतात आणि एकूण खर्च बक्षिसाच्या आणखी जवळ सरकतो.

पाचवी पायरी: निर्णय किती धारदार आहे ते ठरवा

आतापर्यंत आपण मानलं, की दुप्पट खर्चाला दुप्पट शक्यता मिळते. खऱ्या जगात निर्णय कमी-जास्त धारदार असतो. त्यासाठी r हा आकडा वापरतात. मी तुमच्या दुप्पट खर्च केला आणि r एक असेल, तर माझी शक्यता 67 टक्के. r दोन असेल तर 80 टक्के. r अर्धा असेल तर 59 टक्के. समितीचं मत पैशाने आणि वशिल्याने फारसं हलत नसेल तर r लहान. ‘ज्याचं वजन जास्त त्याचंच काम’ अशी परिस्थिती असेल तर r मोठा.

एकूण खर्च मग r × V × (n−1) ÷ n होतो. चार अर्जदार आणि r अर्धा असेल तर सव्वाअकरा लाख, r एक असेल तर साडेबावीस. आणि r 1.33 झाला की पूर्ण 30 लाख. चौघे पुरतात, सात लागत नाहीत. दोघेच असतील तर r दोनला पोचल्यावर बक्षीस संपतं.

शीटमध्ये B1 ला बक्षीस, B2 ला अर्जदार, B3 ला r लिहा:

```
=B3*B1*(B2-1)/B2
=B3*B1*(B2-1)/(B2*B2)
=B3<=B2/(B2-1)
```

पहिली ओळ एकूण खर्च देते, दुसरी एकाचा. तिसरीत FALSE आलं तर पहिल्या दोन ओळींवर विश्वास ठेवू नका. तिथे हे सूत्र चालत नाही, कारण ते प्रत्येकाला अपेक्षित तोट्यात ढकलतं आणि तोट्यात कुणी खेळत नाही.

मग तिथे काय होतं? टोकाची स्थिती घ्या: जो एका रुपयाने जास्त खर्च करेल त्यालाच परवाना, आणि हरलेल्याचाही खर्च गेला. दोघे अर्जदार. तुम्ही दहा लाख घातले तर मी दहा लाख एक हजार घालीन. तुम्ही पुढे जाल, मी त्याच्याही पुढे. तीस लाखांशी पोचल्यावर मला सोडून देणं बरं वाटेल. पण मी सोडलं हे कळल्यावर तुम्हाला तीस लाख कशाला घालायचे, लाखभर पुरे. मग मी परत येतो. कोणताही ठरलेला आकडा टिकत नाही. समतोल म्हणजे आकडा लपवणं: शून्य ते तीस लाखांत कुठेही, समोरच्याला अंदाज येणार नाही असा. अशा खेळात दोघांचा सरासरी खर्च 15-15 लाख, बेरीज 30. सरासरीने बक्षीस पूर्ण संपतं. पण दर वेळी बरोबर तीसच नाही. निम्म्या वेळा बेरीज तीसच्या खाली राहते, निम्म्या वेळा वर जाते. म्हणजे एखाद्या शर्यतीत बक्षिसापेक्षा जास्त पैसा उडालेला दिसला, तर तो अपवाद नव्हे. या खेळात दोनातून एकदा ते होणारच.

सहावी पायरी: जळालेला पैसा आणि हात बदललेला पैसा वेगळे करा

ही सगळ्यात कष्टाची पायरी आहे आणि इथेच बहुतेक हिशेब बिघडतात. चार अर्जदारांच्या शर्यतीतल्या एकाची वही उघडली असं धरू. 5 लाख 60 हजार खर्च: जिल्ह्याला आणि मुंबईला चकरा 1.2 लाख, सल्लागार आणि फाइल 60 हजार, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात याचिकेचा खर्च दीड लाख, परवाना आपल्यालाच मिळणार अशा भरवशावर आधीच खोदलेला काट्याचा खड्डा आणि काँक्रीट 1.3 लाख, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि जेवणावळी 1 लाख.

खड्ड्यापासून सुरू करू. परवाना मिळाला नाही तर त्या काँक्रीटचा काहीही उपयोग नाही, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. चारपैकी तीन खड्डे असेच राहणार. क्रूगर यांनी भारताच्या आयात परवान्यांत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहिली होती. कच्च्या मालाचे परवाने कारखान्याच्या क्षमतेच्या प्रमाणात वाटले जायचे, म्हणून असलेली क्षमता रिकामी असतानाही कारखानदार आणखी यंत्रं बसवत, कारण यंत्र बसलं की परवान्याचा वाटा वाढे. त्यांच्या अंदाजाने 1964 मध्ये भारतातल्या अशा वरकड नफ्याची एकूण किंमत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 7.3 टक्के होती.

फ्लेक्सबद्दल नेहमी एक आक्षेप येतो: ‘अहो, फ्लेक्सवाल्याला पैसे मिळालेच की, गावातच राहिले.’ मिळाले, पण फुकट नाही. कापड, शाई, वीज, बांबू, ते बांधणाऱ्या पोरांची रात्र, हे सगळं त्यात गेलं. तेच कापड आणि तेच हात दुसऱ्या कामाला लागले असते. फ्लेक्सवाल्याच्या हाती उरतो तो त्याच्या नेहमीच्या मजुरीइतका नफा, जो त्याला कुठल्याही गिऱ्हाइकाकडून मिळतो. म्हणून हा खर्च जळालेला धरायचा. वकील, सल्लागार, गाडीचं डिझेल यांनाही हाच नियम. जेवणावळीत मात्र जेवणाऱ्यांना काही सुख मिळालंच, तेवढा भाग सोडून द्यावा.

लाच वेगळी. ती नोट एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली, काही जळालं नाही, असं वरवर दिसतं. (2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.) पण ज्या खुर्चीवर ती नोट पोचते, त्या खुर्चीची किंमत वाढते. मग त्या खुर्चीसाठी शर्यत लागते: निवडणुकीतल्या गाड्या, पॅनलचा खर्च, बदलीच्या चकरा. पहिल्या मजल्यावर वाचलेलं दुसऱ्या मजल्यावर जळतं. त्यामुळे लाच पूर्णपणे ‘हस्तांतर’ म्हणून वजा करू नका आणि पूर्णपणे नासाडीही धरू नका. हा आकडा खालचा अंदाज आणि वरचा अंदाज अशा दोन रकान्यांत लिहा.

खुला लिलाव या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. समितीने परवाना लिलावात काढला आणि 30 लाखांना गेला, तर काटेवाल्याच्या हाती वरकड काहीच उरत नाही, तरी नासाडी जवळजवळ शून्य. पैसा समितीच्या तिजोरीत गेला, त्यातून शेड किंवा रस्ता होऊ शकतो. काटेवाल्याच्या दृष्टीने दोन्हीकडे बक्षीस संपलं. समाजाच्या दृष्टीने एका ठिकाणी ते जळालं, दुसऱ्या ठिकाणी जमा झालं. सव्वा लाखाचा त्रिकोण मात्र दोन्हीकडे राहतोच, कारण दर 110 च आहे.

सोडतीचं काय? शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये दारू दुकानांची सोडत काढली. एका अर्जाला 2 लाख रुपये, परत न मिळणारे, आणि एकाने कितीही अर्ज करावेत. 2,620 दुकानांसाठी सव्वा लाखाहून जास्त अर्ज आले, म्हणजे एका दुकानामागे सरासरी 50 आणि निव्वळ अर्जाच्या फीपोटी सरासरी 1 कोटी. टलक यांचा नमुना इथे शब्दशः उतरला आहे: जेवढी तिकिटं घ्याल तेवढा हिस्सा. पण हा खर्च सरकारच्या खात्यात गेला म्हणून तो नासाडीत येत नाही. फी नसती आणि त्याच अर्जांसाठी लोकांनी दाखले, नातेवाइकांच्या नावची कागदपत्रं, एजंट यांच्यावर पैसा घातला असता, तर तो सगळा जळाला असता.

हिशेब कुठे चुकतो, ते कसं ओळखायचं

विजेत्याकडे पाहून हिशेब करू नका. चौघांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला 30 वजा 5.6, म्हणजे 24 लाखांहून जास्त उरतात. दोन वर्षांत तो गाडी घेतो, घर बांधतो, आणि लोक म्हणतात, ‘याला तर भरपूर मिळालं, नासाडी कुठली?’ बाकी तिघांनी मिळून 17 लाख घालवलेले असतात आणि ते कुणाला सांगत नाहीत. चौघांची बेरीज केली तर साडेसात लाखच उरतात. हरलेल्यांच्या वह्या मिळवल्याशिवाय या विषयात काहीच कळत नाही.

उलटी चूकही होते. खर्च नेहमी पूर्ण बक्षिसाइतका होतोच असं नाही. स्पर्धक विषम असतील तर तो बराच कमी राहतो. एकाकडे आवाराशेजारी जागा आणि बांधलेला काटा आधीच आहे, म्हणून परवान्याची किंमत त्याला 40 लाख, दुसऱ्याला 20 लाख. r एक धरला तर पहिला 8.9 लाख घालतो, दुसरा 4.4 लाख. एकूण 13.3. दोघांची किंमत तीस-तीस असती तर 15 लाख गेले असते. दुबळा आधीच कचरतो, आणि तो कचरतो म्हणून बलवानालाही जोर लावायची गरज पडत नाही. ‘इथे तर काहीच शर्यत झाली नाही’ असं दिसलं तर बहुतेक वेळा परवाना कुणाला मिळणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

आणखी एक खूण परवान्याच्या विक्रीत दिसते. विजेत्याने दुसऱ्या महिन्यातच परवाना 28 लाखांना दुसऱ्याला चालवायला दिला, तर बक्षिसाचा आपला अंदाज बरोबर होता. पण त्यातून पुढची अडचणही निघते. घेणाऱ्याने 28 लाख मोजलेले आहेत. त्याला गाडीमागे 50 रुपयांचा वरकड मिळतो तो सगळा ती किंमत भरून काढण्यात जातो, हाती उरते ती रास्त कमाई. आता शेतकऱ्यांनी मागणी केली, की ‘अधिकृत काटा’ हा शब्द काढा, वैधमापन विभागाचं मुद्रांकन असलेला कोणताही काटा चालू द्या. ठरावातला एक शब्द बदलला की बक्षीस शून्यावर येतं, शर्यतही थांबते, दर 60 वर येतो. पण ज्याने 28 लाख मोजले तो बुडतो, आणि मूळ विजेता पैसे घेऊन केव्हाच बाजूला झालेला असतो. म्हणून तो घेणारा जीव तोडून विरोध करतो, आणि त्याची बाजू अगदीच खोटी नसते. टलक यांनी 1975 मध्ये हा सापळा दाखवला होता.

यातून ठराव बदलायला व्यवहारात एकच वेळ सोयीची उरते: तीन वर्षांची मुदत संपत आलेली असताना, नूतनीकरणाची जाहिरात निघण्याआधी. तेव्हा मोजलेले 28 लाख वसूल झालेले असतात, नवे खड्डे अजून खोदलेले नसतात आणि पुढच्या 30 लाखांसाठी कुणी पहिले दहा हजार घातलेले नसतात. मुदत सप्टेंबरअखेर संपत असेल, तर ठराव सोयाबीनची आवक सुरू होण्याच्या आधीच्या सभेत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, विषयपत्रिकेवर यायला हवा. आवक सुरू झाली की काट्यापुढे रांग लागते, आणि रांगेत उभ्या ट्रॅक्टरवाल्याला त्या दिवशी ठरावापेक्षा पावती लवकर हवी असते.